आधी निळं कोण? आभाळ की समुद्र?



आपल्या मंडळीत मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न येतोच. आभाळ निळं का? आपण मोठी माणसं बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर देतो, "अरे, समुद्र निळा आहे ना, त्याचं प्रतिबिंब पडतं." मग मूल विचारतं, समुद्र निळा का? तेव्हा आपणच सांगतो, "आभाळाचं प्रतिबिंब पडतं म्हणून." दोन्ही उत्तरं एकाच तोंडातून येतात आणि एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतात. जमिनीवर पाय कोणाचाच नसतो.

माझ्या बहिणीचं घर जामसांवलीला आहे, सौंसरजवळ. तिची नऊ वर्षांची मुलगी सौंसरला हिंदी माध्यमात शिकते, घरी आपली मराठी बोलते. मागच्या वर्षी ती आईबाबांसोबत मुंबईला जाऊन आली आणि तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला. परत आल्यावर मी हेच ठरलेलं उत्तर तिच्या बाबांच्या तोंडून ऐकलं आणि तिचा सवालही ऐकला.

"मावशी, मंग आधी निळं कोन होतं? आभाळ का समुद्र?"

बाबा हसले. पण ती हसण्यासाठी विचारत नव्हती. पुढे म्हणाली, "आन् आपल्या जामसांवलीत तं समुद्रच नाही. मंग इथलं आभाळ काहून निळं दिसते?"

खरं सांगायचं तर यात एका उत्तराचा निकालच लागला. नकाशा काढून पाहा. आपल्या भागापासून पश्चिमेला जा की पूर्वेला, जवळात जवळचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. सौंसरच्या संत्र्याच्या बागेवरचं आभाळ इतक्या दूरच्या पाण्याचा आरसा असू शकत नाही. म्हणजे आभाळाचा निळा रंग आभाळातच कुठेतरी तयार होत असला पाहिजे.

आपल्यासारख्या श्रद्धेच्या घरात इथे आणखी एक सोपी वाट असते. "देवाने तसं केलं" म्हणायचं आणि विषय संपवायचा. ते आपण मानतोच. पण मुलीने "कोणी केलं" हे विचारलेलं नव्हतं, "कसं होतं" हे विचारलं होतं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की मूल एवढंच शिकतं की या घरात असले प्रश्न विचारायचे नसतात. म्हणून मी तिला म्हटलं, चल, आधी आभाळ करून पाहू, मग समुद्राकडे वळू.

आभाळ करायला एक लिटरची पारदर्शक, रंग नसलेली बाटली, पाणी, मोबाइलचा टॉर्च आणि थोडं दूध लागतं. खोली अंधारी हवी. बाटली पाण्याने भरून टॉर्चवर उभी ठेवायची, म्हणजे उजेड बुडातून वर जाईल. नुसत्या स्वच्छ पाण्यात उजेडाची वाट बाजूने जवळजवळ दिसत नाही. आता अर्धा छोटा चमचा दूध घालून ढवळायचं. लगेच सगळी बाटली आतून उजळते. टॉर्चजवळचा भाग बाजूने पाहिला तर पांढऱ्यात निळसर झाक दिसते. वरून, तोंडातून खाली टॉर्चकडे पाहिलं तर तोच दिवा पिवळट, थोडं दूध वाढवलं तर नारिंगी दिसतो. टॉर्च तोच, पाणी तेच. बाजूने निळसर आणि समोरून पिवळा.

इथे एक अडचण येते, ती सांगून ठेवते. घरच्या म्हशीचं ताजं, सायीचं दूध घेतलं तर निळसर झाक नीट उमटत नाही, सगळं पांढरं धुकं होतं. त्यात स्निग्धाचे मोठे थेंब असतात. साय काढलेलं किंवा पिशवीतलं टोन्ड दूध घेतलं तर बरं जमतं, कारण त्यातले कण बारीक असतात. दूध जास्त पडलं तरीही सगळं पांढरंच दिसतं. ही अडचण लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

तिला शाळेत इंद्रधनुष्याचे रंग "बैनीआहपीनाला" असे पाठ करून घेतले आहेत. महाराष्ट्रातली मुलं तेच उलट्या बाजूने "तानापिहिनिपाजा" म्हणतात. पांढरा उजेड म्हणजे हे सगळे रंग एकत्र, एवढं तिला ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, उजेड लाटांसारखा चालतो असं समज. तांबड्या रंगाची लाट लांब असते आणि निळ्याची आखूड. लाटेपेक्षा खूपच लहान असा कण वाटेत आला, तर लांब लाट त्याला फारशी जुमानत नाही, सरळ पुढे जाते. आखूड लाट मात्र त्यावर जास्त आपटते आणि चारी बाजूंना विखुरते. हा फरक थोडाथोडका नाही. निळा उजेड तांबड्यापेक्षा सुमारे चारपट जास्त विखुरतो. बाटलीच्या बाजूने आपल्या डोळ्यांत आला तो हा विखुरलेला निळा उजेड. समोरून आला तो निळा गळून गेल्यावर उरलेला पिवळा.

तिने लगेच विचारलं, "पण आभाळात दूध कुठं हाय?"

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल यांनी नळीत अतिशय बारीक कणांचं धुकं करून असाच निळा रंग दाखवला होता, आणि आभाळातही असेच काही बारीक कण तरंगत असतील असं तेव्हा वाटत होतं. इंग्लंडचे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये या विखुरण्याचा हिशेब मांडला. पुढे १८९९ मध्ये त्यांनी दाखवलं की वेगळ्या कणांची गरजच नाही. हवेचे स्वतःचे रेणू, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन, हे काम करायला पुरेसे आहेत. एक रेणू फारच थोडा उजेड विखुरतो. पण आपल्या डोक्यावर हवेचा थर कित्येक किलोमीटर जाड आहे. बाटलीत आपण दूध घालून जे घाईने केलं, ते हवा इतक्या लांब अंतरात सावकाश करते. म्हणून खोलीतली हवा निळी दिसत नाही आणि आभाळ दिसतं.

हे खरं की नाही, हे आपल्या गावातच तपासता येतं. आभाळ जर धुळीमुळे निळं असतं, तर जास्त धूळ म्हणजे जास्त निळं असं व्हायला हवं. प्रत्यक्षात मे महिन्यात वावरांतून धूळ उडते तेव्हा आभाळ पांढुरकं, मळकट दिसतं. पावसाने हवा धुऊन निघाली आणि मग ऊन पडलं, की गडद निळं दिसतं. धुळीचे कण उजेडाच्या लाटेच्या मानाने मोठे असतात. ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात, म्हणून पांढरं दिसतं. ढगातले पाण्याचे थेंबही मोठे, म्हणून ढग पांढरा. सायीच्या दुधाने बाटलीत केलं तेच हे.

संध्याकाळचा तांबडा सूर्यही यातच आला. सूर्य डोक्यावर असताना उजेड हवेच्या थरातून सरळ खाली येतो. मावळताना तो तिरपा येतो आणि त्याला त्याच हवेतून कितीतरी लांब वाट कापावी लागते. निळा वाटेतच विखुरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबडा-नारिंगी उरतो. बाटलीत दूध वाढवल्यावर वरून नारिंगी दिसला होता, तसाच.

एखादं हुशार मूल विचारेल की जांभळ्याची लाट तर निळ्याहूनही आखूड, मग आभाळ जांभळं का नाही? प्रश्न बरोबर आहे. जांभळा उजेड विखुरतो जास्तच. पण सूर्याच्या उजेडात तो निळ्यापेक्षा कमी असतो, आणि आपला डोळा जांभळ्याला तितका तीक्ष्ण नाही. सगळं मिळून डोळ्याला जे जाणवतं ते निळं असतं.

असं अर्धं उत्तर झालं. आभाळ समुद्राकडून रंग उसना घेत नाही. आता समुद्राचं काय? तो तरी आभाळाकडून घेतो का?

इथे मी तिला एका माणसाची गोष्ट सांगितली. चंद्रशेखर वेंकट रामन, म्हणजे आपले सी. व्ही. रामन. ते मूळचे दक्षिणेतले, पण आपल्या शेजारच्या नागपूरशी त्यांचा संबंध आहे. तरुणपणी ते सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि १९१० च्या सुमारास काही काळ त्यांची नेमणूक नागपुरात होती. पुढे ती नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये ते पहिल्यांदा विलायतेला गेले, ऑक्सफर्डच्या एका परिषदेसाठी. या समुद्रप्रवासात भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला.

त्या वेळी समुद्राच्या रंगाबद्दल सगळ्यात मोठा शब्द लॉर्ड रॅले यांचाच होता. खोल समुद्राचा तो सुंदर निळा रंग पाण्याचा नसून पाण्यात दिसणारं आभाळाचं प्रतिबिंब आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे आपण मुलांना सांगतो तेच. आणि हे सांगणारा माणूस आभाळाचं कोडं सोडवणारा, नोबेल मिळालेला. असा माणूस बोलला की बाकीचे मान डोलावतात. रामन यांनी तसं केलं नाही. त्यांच्याकडे एक निकोल प्रिझम होतं. बोटींवरून ये-जा करताना त्यातून त्यांनी समुद्र तपासून पाहिला.

निकोल प्रिझम म्हणजे काय, हे मुलाला दोरीने समजावता येतं. दोरीचं एक टोक खिडकीला बांधा, दुसरं हातात धरून हलवा. वर-खाली हलवली तर वर-खाली लाट जाते, आडवी हलवली तर आडवी. आता ती दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून जात असेल, तर वर-खाली लाट पार होते आणि आडवी लाट गजांना अडते. उजेडाच्या लाटाही अशा निरनिराळ्या दिशांनी थरथरतात. निकोल प्रिझम हा स्फटिकाचे दोन तुकडे चिकटवून केलेला असाच गजांचा दरवाजा. तो एकाच दिशेची थरथर आत सोडतो. आज बाजारात पोलराइज्ड गॉगल मिळतात, त्यांची काच हेच काम करते.

आता मुद्द्याची गोष्ट. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड बराचसा आडव्या थरथरीचा असतो. तुम्ही सरळ खाली न पाहता, त्या रेषेपासून सुमारे ५३ अंश तिरपं पाहिलं, तर परतणारा उजेड जवळजवळ पूर्ण आडवाच असतो. म्हणजे त्या कोनातून पाहून प्रिझम नीट फिरवलं, तर पाण्यावरचं प्रतिबिंब पुसून टाकता येतं. डोळ्यांत येतो तो फक्त पाण्याच्या आतून वर आलेला उजेड.

परीक्षा किती सोपी आहे पाहा. समुद्राचा निळा रंग जर आभाळाचं प्रतिबिंब असेल, तर प्रतिबिंब पुसल्यावर निळाही गेला पाहिजे. पाणी काळपट दिसायला हवं. रामन यांनी प्रतिबिंब पुसून पाहिलं. निळा गेला नाही. उलट वरची चकाकी निघून गेल्यामुळे तो आणखी खुलून दिसला. म्हणजे तो निळा पाण्याच्या आतून येत होता.

परतीचा प्रवास त्यांनी नारकुंडा या बोटीने केला. बोट मुंबई बंदराला लागली तेव्हा त्यांचं टिपण तयार होतं. "नेचर" या विज्ञानाच्या साप्ताहिकाला लिहिलेल्या त्या पत्रावर मुंबई बंदर आणि २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते छापून आलं. त्यात त्यांनी म्हटलं की हवेचे रेणू जसे उजेड विखुरतात, तसेच पाण्याचे रेणूही विखुरतात आणि समुद्राच्या निळ्या रंगामागे ते काम आहे. पाण्यात उजेड कसा विखुरतो, याच ध्यासातून पुढे कलकत्त्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांचा मोठा शोध लागला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुलांच्या शाळेत दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिवस होतो तो त्याच तारखेचा.

मुलीला ही गोष्ट आवडली. पण तिच्या मनातली शंका वेगळीच होती. "मावशी, मुंबईचा समुद्र तं निळा नव्हताच! मातकट होता."

तिने जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. आपण मुलांच्या चित्रात समुद्र निळा रंगवून घेतो आणि मुंबईच्या चौपाटीवर उभं केलं की पाणी मातकट-हिरवट असतं. कारण समजायला रामन यांच्या उत्तराला आणखी एक तुकडा जोडावा लागतो.

पाणी फक्त उजेड विखुरत नाही, ते उजेड खातंही. आणि सगळे रंग सारखे खात नाही. तांबडा उजेड पाण्याच्या रेणूला थरथरवण्यात खर्च होतो. शुद्ध पाण्यात गडद तांबडा उजेड साधारण एका मीटरमध्ये निम्मा होतो. पुढच्या मीटरला त्याचा पुन्हा निम्मा. पाच मीटर खाली गेल्यावर शंभरातले चार-पाचच उरतात. निळा उजेड मात्र शुद्ध पाण्यात शंभर मीटर गेला तरी बराच शिल्लक असतो. खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांना लाल कपडा दहा मीटरवर काळपट दिसतो तो यामुळेच. लाल कपडा लाल दिसायला त्याच्यावर लाल उजेड पडावा लागतो, आणि तो वरच संपलेला असतो.

म्हणून समुद्रात दोन कामं चालतात असं मी तिला सांगितलं. पहिलं काम तांबडा खाण्याचं. दुसरं काम उरलेल्या उजेडाला वळवून पुन्हा वर पाठवण्याचं. खाणं नसतं तर रंग इतका गडद झाला नसता. वळवणं नसतं तर सगळा उजेड खालीच गेला असता आणि समुद्र काळा दिसला असता. रामन यांच्या पत्रात भर दुसऱ्या कामावर होता, आज आपल्याला कळतं की रंग ठरवण्यात पहिल्याचा वाटा फार मोठा आहे. आभाळात मात्र खाण्याचं काम जवळजवळ नाही, तिथे सगळी करामत विखुरण्याची. दोन्ही निळेच, पण दोघांचे कारखाने वेगळे.

आता ग्लासातलं पाणी निळं का दिसत नाही, हे तिनेच सांगितलं. "ग्लास केवढासा राहते!" बरोबर. वीतभर पाण्यात तांबडा फारसा कमी होत नाही. रंग दिसायला कित्येक मीटरची खोली लागते.

आणि मुंबईच्या किनाऱ्यावर काय होतं? तिथे पाणी उथळ, खाड्यांचा गाळ येऊन मिळतो, आणि लाटा तळ सतत ढवळत राहतात. उजेड चार मीटर खोल जाण्याआधीच मातीच्या कणांवर आपटून परत येतो, तो मातीचा रंग घेऊन. निळ्याला तयार व्हायला वाटच मिळत नाही. शिवाय पाण्यातल्या बारीक वनस्पती निळा आणि तांबडा दोन्ही खातात, त्यामुळे हिरवट झाक येते. आपल्या जाम नदीला पावसाळ्यात पूर आला की पाणी तांबूस दिसतं आणि तळ्यातलं साचलेलं पाणी हिरवं, हे तेच. किनाऱ्यापासून दूर, गाळ नसलेल्या खोल पाण्यात गेलं की मुंबईचाच अरबी समुद्र निळा होतो. लक्षद्वीपला तळाशी पांढरी वाळू असते, ती उजेड लगेच वर पाठवते, म्हणून तिथे कमी खोलीतही फिकट निळा-हिरवा दिसतो.

मग प्रतिबिंबाची गोष्ट अगदीच खोटी का? तसंही नाही, आणि मुलांना हेही सांगायला हवं. पाण्यावर आभाळ दिसतंच. दूर क्षितिजाकडे अगदी तिरपं पाहिलं तर डोळ्यांत येणारा उजेड बराचसा प्रतिबिंबाचाच असतो. म्हणून ढगाळ दिवशी समुद्र करडा दिसतो. लॉर्ड रॅले यांनी पाहिलं ते होतं, पण तेवढंच नव्हतं. पाण्याचा स्वतःचा निळा त्या चकाकीखाली होता, आणि चकाकी बाजूला सारल्याशिवाय तो वेगळा ओळखता येत नव्हता.

ही परीक्षा घरच्या घरी करता येते. कोणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर उन्हाच्या वेळी नदीच्या किंवा तळ्याच्या काठावर उभे राहा. काठापासून थोडं पुढचं पाणी तिरपं पाहा. गॉगल डोळ्यांवर सरळ धरा, मग हातात घेऊन पाव फेरा फिरवा. एका स्थितीत पाण्यावर आभाळाची चकाकी दिसेल, दुसऱ्या स्थितीत ती विरून आतला तळ, दगड, मासोळ्या दिसू लागतील. काहीच फरक पडला नाही, तर एक तर गॉगल साधा आहे किंवा तुम्ही फार सरळ खाली पाहता आहात. थोडं तिरपं करून पुन्हा पाहा. आमच्या मुलीने जाम नदीच्या डोहावर असं पाहिलं. डोह काही निळा निघाला नाही, आतून हिरवट निघाला. पण वर जे निळं दिसत होतं ते प्रतिबिंब आणि खालचं हिरवट ते पाण्याचं, एवढं तिने स्वतःच्या डोळ्यांनी वेगळं केलं. मूल पाण्याजवळ असेल तेव्हा हात धरूनच उभे राहा, हे सांगायला नको.

मंडळीतल्या ज्या ताई आणि दादा मुलांना शिकवतात, त्यांच्यासाठी हे सगळं तीन वाक्यांत सांगते. हवा निळा उजेड चारी बाजूंना विखुरते, म्हणून आभाळ निळं. खोल पाणी तांबडा खातं आणि उरलेला निळा परत पाठवतं, म्हणून समुद्र निळा. पाण्यावर आभाळही दिसतं, पण समुद्राचा निळा त्याच्यावर अवलंबून नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं, मात्र बाटली आधी दाखवायची आणि वाक्यं नंतर सांगायची. आधी वाक्यं सांगितली तर मूल ती "बैनीआहपीनाला"सारखी पाठ करतं. आधी बाटली दाखवली तर वाक्य त्याचं त्यालाच सुचू लागतं.

आमच्या बाईंना तर ते भलत्याच ठिकाणी सुचलं. परवा बहिणीच्या अंगणात संत्री सोलत बसलो होतो. तिने साल हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि म्हणाली, "मावशी, पाणी तांबडं खाते म्हणून निळं दिसते. मंग हे साल निळं खात असन!"

अगदी तसंच आहे. संत्र्याच्या सालीतलं रंगद्रव्य निळा उजेड शोषून घेतं आणि पिवळा-तांबडा परत पाठवतं. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं, तिचं तिनेच ओळखलं. आता ती विचारते आहे की मग आपल्या वावरातला कापूस काय खातो, ज्यामुळे तो पांढरा दिसतो. त्याचं उत्तर तिने बाटलीत एकदा पाहिलेलं आहे, सायीचं दूध घातलं होतं तेव्हा. मी अजून सांगितलेलं नाही. ती शोधते आहे.